‘साहेब, थोडं हलकं काम द्या ना’ : एका मेसेजचा अर्ज होतो तेव्हा

आजचा भाग एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर आहे. एकाच मेसेजवर. तो आहे दोन ओळींचा, पण त्याच्यामुळे एका माणसाच्या पोटावरचे टाके धोक्यात आले होते, म्हणून त्याला अख्खा भाग देतेय.

मेसेज पाठवणारे आपले एक श्रोते. चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात, डिस्पॅच विभागात काम करतात. नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. आपण त्यांना नुसतं दादा म्हणू. बाकी सगळं त्यांना विचारून सांगतेय.

दादांचं 12 मे रोजी हर्नियाचं ऑपरेशन झालं. उजव्या जांघेत, जाळी बसवून. दोन आठवड्यांची रजा मिळाली, ती 25 मेला संपली. रजेच्या शेवटच्या रात्री त्यांनी आपल्या शिफ्टच्या सुपरवायझरला मेसेज टाकला :

‘साहेब उद्यापासून येतोय. ऑपरेशन झालंय तर थोडे दिवस थोडं हलकं काम द्या ना प्लीज. डॉक्टर पण बोललेत जड उचलू नका.’

त्यावर साहेबांचं उत्तर काय? ‘हो या, बघू’ आणि एक अंगठा.

आता बघा, यात कुणाचंच काही चुकलेलं नाही. साहेब चांगले होते. पहिले दोन दिवस त्यांनी दादांना लेबलच्या टेबलावर बसवलं. तिसऱ्या दिवशी साहेब सुट्टीवर. दुसऱ्या शिफ्टचे इनचार्ज जागेवर आले, ट्रक उभा होता, माणसं दोन कमी. त्यांनी दादांना हाक मारली. दादा म्हणाले, ‘माझं ऑपरेशन झालंय.’ ते म्हणाले, ‘मला कुणी काही सांगितलं नाही, तीनच क्रेट आहेत, घ्या पटकन.’ दादांनी उचलले. एकेक क्रेट अंदाजे 18 किलोचा. तिसऱ्याला आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. सुदैवाने जाळी जागेवर होती, फुगवटा नव्हता. डॉक्टर मात्र चिडले. आणि त्या संध्याकाळी दादांनी मला तो मेसेज पाठवून विचारलं, ‘ताई, मी सांगितलं होतं की. अजून काय करायला पाहिजे होतं?’

मी पूर्वी एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात सतरा वर्षं होते. अर्ज घेणाऱ्या टेबलाच्या पलीकडे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाजूने माहीत आहे.

आधी मेसेजच वाचू. त्यात ‘थोडं’ दोनदा आलंय. थोडे दिवस म्हणजे किती? दादांच्या मनात दीड महिना होता, साहेबांच्या मनात बहुतेक एक आठवडा. ‘हलकं’ म्हणजे काय? जो माणूस दिवसभर 18 किलो उचलतो त्याला 10 किलो हलकंच वाटतं. ‘जड उचलू नका’ हे डॉक्टर बोललेत, पण लिहिलंय कुठे? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हा मेसेज एका माणसाच्या फोनमध्ये आहे. तो माणूस सुट्टीवर गेला की विनंतीही सुट्टीवर जाते. दुसऱ्या शिफ्टचे इनचार्ज खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे मेसेज पाठवू नये का? अवश्य पाठवावा. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याला आधी तोंडी सांगणं ही रीत आहे, आणि थेट एचआरकडे अर्ज गेला तर सुपरवायझरला वाटतं आपल्याला डावललं. फक्त त्या मेसेजवर थांबायचं नाही.

आणि अर्ज लिहायलाही लगेच बसायचं नाही. त्याआधी परत डॉक्टरकडे जायचं. ही पायरी बहुतेक लोक गाळतात.

दादांच्या डिस्चार्ज कार्डवर इंग्रजीत एकच ओळ होती, जड वजन उचलणे टाळा. ही ओळ जवळजवळ प्रत्येक हर्नियाच्या कार्डावर असते. ती पेशंटसाठी लिहिलेली असते, कंपनीसाठी नाही. माझ्या टेबलावर अशी कार्डं यायची आणि मला काही करता यायचं नाही, कारण मी डॉक्टर नाही. ‘जड’ म्हणजे किती, हे मी ठरवू शकत नाही. काही डॉक्टर लिहितात, ‘हलक्या कामासाठी योग्य’. तेही तसंच. कुठलं काम हलकं, हे त्यात नाही.

पण डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. तुमच्या गोदामात काय चालतं ते त्यांना कुठून कळणार? म्हणून मी दादांना सांगितलं, अर्ध्या कागदावर आपलं काम लिहून घेऊन जा. त्यांनी लिहिलं : क्रेटचं वजन 18 किलो, एका शिफ्टमध्ये साधारण दीडशे क्रेट, भरलेली हँड ट्रॉली ढकलायची, उभं राहून आठ तास, जिना नाही. हा कागद बघून डॉक्टर म्हणाले, ‘दीडशे?’ आणि मग नीट लिहून दिलं. 23 जूनपर्यंत, म्हणजे ऑपरेशनपासून सहा आठवडे, 5 किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही. भरलेली ट्रॉली ढकलायची नाही, ओढायचीही नाही. चालणं, उभं राहणं, बसून काम चालेल. 23 जूनला परत दाखवायचं.

सहा आठवडेच का, असं दादांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. जाळी बसवली म्हणजे भोक बुजलं असं लगेच होत नाही. त्या जाळीत आजूबाजूचा मांसाचा थर हळूहळू विणला जातो, त्याला काही आठवडे लागतात. वजन उचलताना आपण श्वास रोखतो, पोटातला दाब वाढतो, आणि तो दाब नेमका त्या नव्या जागेवर येतो. ट्रॉली ढकलताना तेच. बाहेरचे टाके वाळले, दुखायचं थांबलं, म्हणून माणसाला वाटतं आपण बरे झालो. आतलं काम तेव्हा चालूच असतं. आता यात एक आहे, सगळे सर्जन सहा आठवडे सांगत नाहीत. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल, काम बैठं असेल, तर पुष्कळ लवकर मोकळीक देतात. म्हणून दादांचा 5 किलोचा आकडा तुम्ही आपल्या अर्जात उचलू नका. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून जे लिहिलं तेच तुमचं.

प्रमाणपत्रावर काय असावं? डॉक्टरांचं नाव, पदवी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, तारीख, सही, शिक्का. नोंदणी क्रमांक नसला की आमच्याकडे तो कागद परत जायचा. आणि मागची तारीख टाकून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. दादांना वाटत होतं 26 तारखेपासूनचं मिळालं तर बरं. पण तपासणी 29 ला झाली, तर कागद 29 चाच. खरी तारीख असलेला उशिराचा कागद चालतो. मागच्या तारखेचा कागद एकदा पकडला गेला की पुढचे सगळे कागद संशयाने बघितले जातात.

आता अर्ज. दादांनी पहिला मसुदा केला होता तो पान-दीड पानाचा. त्यात आईचं आजारपण होतं, कर्जाचा हप्ता होता, दुसऱ्या शिफ्टच्या इनचार्जनी कसं उचलायला लावलं ते होतं, आणि ‘नम्र विनंती’ चार वेळा होती. आम्ही दोघांनी फोनवर बसून तो असा केला :

दि. 30 मे

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : शस्त्रक्रियेनंतर दि. 23 जूनपर्यंत तात्पुरते हलके काम मिळण्याबाबत.
संदर्भ : डॉक्टरांचे दि. 29 मे रोजीचे वैद्यकीय प्रमाणपत्र.

महोदय,

मी डिस्पॅच विभागात मदतनीस म्हणून काम करतो. दि. 12 मे रोजी माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. मंजूर रजा संपल्यानंतर दि. 26 मे रोजी मी कामावर रुजू झालो आहे.

माझ्या नेहमीच्या कामात सुमारे 18 किलो वजनाचे क्रेट उचलणे आणि भरलेली हँड ट्रॉली ढकलणे येते. दि. 29 मे रोजी तपासणी करून डॉक्टरांनी लेखी सल्ला दिला आहे, की दि. 23 जूनपर्यंत मी 5 किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, तसेच भरलेली ट्रॉली ढकलू किंवा ओढू नये. चालणे, उभे राहणे व बसून काम करणे यांस त्यांची हरकत नाही.

तरी या कालावधीत मला लेबल लावणे, स्कॅनिंग, पॅकिंग यादी तपासणे किंवा वरील मर्यादेत बसणारे अन्य काम द्यावे, आणि तशी लेखी सूचना तिन्ही शिफ्टच्या इनचार्जना द्यावी, ही विनंती. नेमून दिलेल्या शिफ्टमध्ये पूर्ण वेळ काम करण्यास मी तयार आहे.

दि. 23 जून रोजी फेरतपासणी आहे. त्यानंतरचे प्रमाणपत्र मी दि. 24 जून रोजी सादर करीन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, कर्मचारी क्रमांक)

सोबत : वैद्यकीय प्रमाणपत्राची छायांकित प्रत.
प्रत माहितीसाठी : शिफ्ट इनचार्ज, डिस्पॅच विभाग.

एवढंच. एका पानात बसतं.

आता मी काय काढलं आणि काय ठेवलं, ते सांगते. आईचं आजारपण आणि हप्ता काढला. दादांना वाईट वाटलं, म्हणाले, ‘ताई, ते खरं आहे.’ खरं असेलच. पण हा अर्ज दयेवर चालत नाही, प्रमाणपत्रावर चालतो. अडचणी लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटतं, याला खरं पाहिजे काय? पैसे, सुट्टी की काम? एका अर्जात एकच मागणी असली की ‘मंजूर’ लिहायला हात लवकर जातो.

दुसऱ्या इनचार्जची तक्रारही काढली. त्यावर आमचं थोडं वाजलं. दादांचं म्हणणं, त्याने चूक केली ती लिहायला नको का? मी म्हटलं, तुम्हाला पुढचे चार आठवडे त्याच माणसासमोर उभं राहायचंय, आणि त्याला माहीत नव्हतं हेही खरं आहे. त्याच्याऐवजी ‘तिन्ही शिफ्टच्या इनचार्जना लेखी सूचना द्यावी’ ही ओळ टाकली. तक्रारीत जे दुखणं होतं, त्याचा उपाय या ओळीत आला. पण एक सांगून ठेवते. त्या दिवशी खरोखर इजा झाली असती, जाळी सरकली असती, तर मी गप्प बसायला सांगितलं नसतं. कामावर झालेली इजा त्याच दिवशी, वेगळ्या कागदावर, वेळ आणि साक्षीदारासह कळवायची असते. हलक्या कामाच्या अर्जात ती घुसडायची नाही, कारण तिथे तिचा निकाल लागत नाही.

‘मला जमणार नाही’ हे दादांचं वाक्य होतं. त्याचं ‘डॉक्टरांनी लेखी सल्ला दिला आहे’ केलं. फरक बारीक वाटेल. ‘मला जमणार नाही’ म्हटलं की समोरचा म्हणतो, प्रयत्न तर करा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध काम द्यायचं असेल, तर मात्र ती जबाबदारी त्याच्या सहीवर येते, आणि तशी सही कुणी करत नाही. मात्र इथे एक पथ्य आहे. प्रमाणपत्रात जेवढं आहे तेवढंच अर्जात लिहायचं. दादांना ‘कोणतेही वजन उचलू नये’ असं लिहायचं होतं, म्हणजे भानगडच नको. प्रमाणपत्र 5 किलो म्हणतंय आणि अर्ज ‘कोणतेही’ म्हणतोय, हे टेबलापलीकडच्या माणसाला अर्ध्या मिनिटात दिसतं. मग त्याचा बाकी अर्जावरचाही विश्वास उडतो.

कुठली कामं करता येतील ती नावं घालून लिहिली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एचआरला तुमच्या विभागातली कामं माहीत नसतात. ‘हलकं काम द्या’ म्हटलं की ते विचार करत बसतात, आणि अर्ज फायलीत पडतो. लेबलिंग, स्कॅनिंग असं लिहिलं की ते इनचार्जला फोन करून एवढंच विचारतात, ‘जागा आहे का?’ पण ‘अन्य काम’ हेही शब्द ठेवलेत, म्हणजे आपण खुर्ची निवडतोय असं वाटत नाही.

दादा हॉस्पिटलची अख्खी फाईल जोडणार होते. नको म्हटलं. त्या फाईलमध्ये साखरेचे रिपोर्ट होते, तंबाखूच्या सवयीची नोंद होती. कंपनीला ते द्यायचं काहीच कारण नाही. हर्नियाचं नाव लिहायला दादांना संकोच नव्हता म्हणून आम्ही लिहिलं. पण गर्भाशयाचं ऑपरेशन असेल, मूळव्याधीचं असेल आणि नाव सांगायचं नसेल, तर डॉक्टरांना विनंती करा की नुसतं ‘शस्त्रक्रिया झाली आहे’ आणि मर्यादा, एवढंच लिहा. काही कंपन्या पुढे निदान मागतात, तेव्हा ते पाकिटात कंपनीच्या डॉक्टरांनाच द्यावं. विभागातल्या टेबलांवर फिरू देऊ नये.

अर्ज कुणाच्या नावे, हेही बघा. दादा कंपनीच्या पटावर आहेत. तुम्ही ठेकेदाराकडून असाल, तर ज्याच्या नावाने तुमची पगाराची पावती निघते त्याला अर्ज आणि कंपनीला प्रत. उलटं केलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का किंवा निदान तारखेसह सही घ्यायची. मूळ प्रमाणपत्र आपल्याकडे, झेरॉक्स त्यांना. शिक्का द्यायला का-कू केली तर तोच अर्ज फोटो काढून ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. दादांनी दोन्ही केलं.

दादांना परवानगी मिळाली का? मिळाली, तिसऱ्या दिवशी. लेबलचं टेबल, तिन्ही शिफ्टला मेल गेला. पण फुकट नाही मिळाली. ओव्हरटाइम बंद झाला, लोडिंगचा प्रोत्साहन भत्ता त्या चार आठवड्यांत बुडाला. हे आधीच मनात धरून चालायचं. मूळ पगार कमी करणार का, हे मात्र परवानगीच्या पत्रात लिहून घ्यायचं, तोंडी ठेवायचं नाही.

आणि नाही म्हटलं असतं तर? बऱ्याच श्रोत्यांना वाटतं हलकं काम हा हक्कच आहे. अशा तात्पुरत्या शस्त्रक्रियेनंतर खासगी नोकरीत सरसकट तसा हक्क नाही. कंपनीच्या स्थायी आदेशात किंवा युनियनच्या करारात तरतूद असेल तर ती बघा, आणि असली तर अर्जाच्या संदर्भात लिहा. नसेल तर ही विनंतीच आहे, म्हणून तर ती मान्य करायला सोपी करून द्यायची. ‘आमच्याकडे हलकं काम नाही, पूर्ण बरे होऊन या’ असं उत्तर आलं, तर ते लेखी मागा आणि रजा वाढवा.

ज्यांचं ईएसआय कापलं जातं त्यांच्यासाठी इथे एक गोष्ट. ईएसआयचा आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या वेतनाच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस मिळतो, पण तो कामावर न गेलेल्या दिवसांचा. हलकं काम करायला गेलात की त्या दिवसाचा लाभ नाही. अर्धं काम, अर्धा लाभ असं तिथे होत नाही. त्यामुळे काम अजिबात झेपत नसेल, तर ओढूनताणून हलक्या कामाचा अर्ज करण्यापेक्षा ईएसआयच्या डॉक्टरांकडून रजेचं प्रमाणपत्र वाढवून घेणं बरं. घाईने ‘फिट’ लिहून घेतलं की तो दरवाजा तुम्हीच लावलात.

दादांना शेवटी एक प्रश्न होता. 23 तारखेला डॉक्टरांनी ‘आता सगळं चालेल’ म्हटलं, तर परत अर्ज कशाला? कशाला म्हणजे, तिन्ही शिफ्टच्या मेलमध्ये 5 किलोच आहे. तो कागद कुणीतरी बंद करायला हवा, नाहीतर भत्ताही बंदच राहतो, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, हा अजून हलक्या कामावर आहे. म्हणून 24 जूनला त्यांनी दोन ओळींचा दुसरा अर्ज दिला : ‘दि. 23 जून रोजीच्या फेरतपासणीनुसार डॉक्टरांनी मला नेहमीचे काम करण्यास परवानगी दिली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले असून, आजपासून मला पूर्ववत काम द्यावे, ही विनंती.’ त्यालाही शिक्का घेतला.